एक लेबल छापलं, एक कोरं: प्रिंटर असं का करतो?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्रीय समन्वयकांनी केलेल्या मांडणीचा मजकूर)



मागच्या सभेत तीन गटांनी एकच तक्रार सांगितली. लेबलचा प्रिंटर एक लेबल छापतो आणि पुढचं कोरं सोडतो. कधी दोन कोरी सोडतो, कधी तारीख अर्धी या लेबलवर आणि अर्धी त्या लेबलवर येते. एका गटानं तर प्रिंटर खोक्यात भरून कपाटावर ठेवलाय आणि पाकिटांवर परत बॉलपेननं तारीख लिहायला सुरुवात केलीय. म्हणून आज बाकी काही न बोलता फक्त याच विषयावर बोलते. यातली एक चूक माझीही आहे, ती पण सांगते.

आपला एक मसाला गट आहे. गटाचं नाव घेत नाही, पण त्या ताया इथे बसल्यात आणि त्यांना विचारूनच सांगतेय. त्यांच्याकडे कांदा-लसूण मसाल्याच्या पाव किलोच्या ४०० पाकिटांची ऑर्डर होती आणि सोमवारी माल द्यायचा होता. नेहमीचा लेबल रोल संपला होता, म्हणून तालुक्याच्या दुकानातून नवा आणला. खोक्यावर माप तेच होतं, ५० बाय २५ मिलिमीटर. रोल लावला आणि छापायला घेतलं. पहिलं लेबल बरोबर आलं, पुढची दोन कोरी गेली, चौथ्यावर बॅच नंबर मधूनच तुटला आणि लाल दिवा लागला.

लेबलचं काम बघणाऱ्या ताईंनी मला फोन केला. मी तेव्हा दुसऱ्या गावात बैठकीत होते. नीट ऐकून न घेता मी सांगितलं, "ताई, कॉम्प्युटरमध्ये लेबलचा साइज जरा वाढवून बघा." त्यांनी उंची २५ ची ३० केली. त्यानं काही सुधारलं नाही. रात्रीपर्यंत शंभराच्या वर लेबलं वाया गेली. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, मशीन हिनं बिघडवली, रोलचे पैसे हिच्याकडून घ्या. त्या ताई पैसे द्यायला तयारही झाल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्या पदराला हात पुसत दाराशी उभ्या होत्या, मशीनजवळ जायलाच तयार नव्हत्या.

आता मशीनला झालं काय होतं ते सांगते.

लेबलचा रोल हातात घेऊन खिडकीसमोर धरून बघा. खाली एक लांब गुळगुळीत कागद असतो, त्यावर लेबलं चिकटवलेली असतात. दोन लेबलांच्या मध्ये साधारण दोन-तीन मिलिमीटरची मोकळी पट्टी असते, तिला गॅप म्हणतात. उजेडासमोर धरलं की गॅपच्या जागी जास्त उजेड दिसतो, कारण तिथे फक्त खालचा कागद असतो. लेबलच्या जागी कागदावर कागद आहे, म्हणून तिथे उजेड कमी दिसतो.

प्रिंटर अगदी हेच करतो. कागद ज्या वाटेनं जातो तिथे एका बाजूला बारीक दिवा असतो आणि समोरच्या बाजूला तो उजेड मोजणारा डोळा. याला गॅप सेन्सर म्हणायचं. उजेड एकदम वाढला की प्रिंटर समजतो, हे लेबल संपलं आणि आता पुढचं सुरू. प्रिंटरला लेबल दिसत नाही, अक्षर दिसत नाही. उजेड कमी-जास्त झालेला तेवढा कळतो.

पण किती उजेड म्हणजे गॅप आणि किती म्हणजे लेबल, हे त्याला एकदा शिकवावं लागतं. त्या शिकवण्याला कॅलिब्रेशन म्हणतात. या गटाच्या जुन्या रोलचा खालचा कागद पिवळसर आणि पातळ होता. नव्या रोलचा कागद पांढरा आणि जाड निघाला. त्यामुळे नव्या रोलच्या गॅपमधून जो उजेड येत होता, तो जुन्या हिशोबानं गॅप म्हणण्याइतका नव्हता. प्रिंटर गॅप शोधत पुढे-पुढे कागद ओढत राहिला. एखादा गॅप कसाबसा ओळखला तर थांबला, नाही ओळखला तर लेबल सोडून गेला, आणि शेवटी दमून लाल दिवा लावला. रोलचं माप तेच होतं, पण कागद बदलला होता. यात त्या ताईंचा हात कुठेच नव्हता.

तर आता तुमच्याकडे असं झालं, तर सगळ्यात आधी काय करायचं? कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. प्रिंटरवर फीड नावाचं बटण असतं, ते एकदा दाबून सोडायचं. एवढी एकच गोष्ट आजच्या बोलण्यातून लक्षात ठेवली तरी चालेल.

फीड दाबल्यावर प्रिंटरनं बरोबर एक लेबल बाहेर काढून थांबायला हवं, आणि फाडायच्या धारेशी गॅप यायला हवा. असं तीन-चार वेळा करा. दर वेळी एकच लेबल येऊन नीट गॅपवर थांबलं, तर प्रिंटरचा डोळा ठीक आहे आणि चूक कॉम्प्युटरमधल्या मापात आहे. एका दाबण्यात दोन-तीन लेबलं सुसाट बाहेर आली, किंवा मध्येच कुठेतरी थांबलं, किंवा लाल दिवा लागला, तर चूक सेन्सरच्या बाजूला आहे. कारण फीड दाबताना कॉम्प्युटरमधली डिझाइन मध्ये येतच नाही. प्रिंटर स्वतःच्या डोळ्यानं गॅप शोधतो. मी फोनवर हे विचारायला हवं होतं, "ताई, फीड दाबल्यावर किती लेबलं येतात?" ते न विचारता साइज बदलायला सांगितला, ही माझी चूक.

त्या गटात मी फीड दाबलं तर एका दाबण्यात तीन लेबलं बाहेर आली आणि लाल दिवा लागला. म्हणजे सेन्सरचं काम. मग आम्ही काय केलं ते क्रमानं सांगते. मशीनला मी हात लावला नाही, ताईंनीच सगळं केलं.

आधी प्रिंटर बंद करून प्लग काढला आणि झाकण उघडलं. कागदाच्या वाटेत सेन्सरची बारीक काचेसारखी खिडकी दिसते. तिच्यावर मिरचीची लाल भुकटी बसली होती. प्रिंटर मसाला कुटायच्या खोलीतच ठेवला होता ना! आधी मऊ कोरड्या ब्रशनं भुकटी झटकली, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खिडकी हलक्या हातानं पुसली. ते मेडिकलच्या दुकानात मिळतं. लेबलचा डिंक तिथे चिकटला असेल तर तोही त्यानंच निघतो. पाणी लावायचं नाही आणि ब्लेडनं किंवा सुईनं खरवडायचं नाही. पुसल्यावर पाच मिनिटं वाळू दिलं.

मग रोल नीट बसवला. दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक कागदाला टेकतील इतपत सरकवले, घट्ट आवळले नाहीत. काही प्रिंटरमध्ये सेन्सर मधोमध पक्का बसवलेला असतो, काहींमध्ये तो डावी-उजवीकडे सरकतो. सरकणारा असेल तर तो लेबलच्या खाली आहे ना, कागदाच्या कडेबाहेर तर गेला नाही ना, एवढं बघायचं. गोल लेबलं वापरणाऱ्या गटांनी सेन्सर लेबलच्या मधोमध ठेवावा. गोल लेबलच्या कडेला मोकळी जागा फार मोठी दिसते आणि प्रिंटरचा गोंधळ होतो.

अजून एक गोष्ट तिथेच सापडली. कॅलिब्रेशन करताना प्रिंटर पुढची दोन-चार लेबलं ओढून मोजतो. ताईंनी आदल्या रात्री रोलच्या तोंडाची काही लेबलं सोलून काढली होती आणि खालचा नुसता कागद तसाच आत सरकवला होता. तशा कागदावर शिकवलं असतं, तर प्रिंटर चुकीचंच शिकला असता. म्हणून तो मोकळा कागद कात्रीनं कापून टाकला आणि ज्या भागावर सगळी लेबलं जागच्या जागी आहेत तो भाग पुढे घेतला. झाकण दोन्ही बाजूंनी दाबून बंद केलं. एकच बाजू बसली तर छपाई एका कडेला फिकी येते आणि सेन्सरही दगा देतो.

आता प्रत्यक्ष कॅलिब्रेशन. इथे एक सांगते, आपल्या गटांकडे वेगवेगळ्या बनावटीचे प्रिंटर आहेत आणि प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी आहे. या गटाच्या प्रिंटरमध्ये फीड बटण दाबून धरायचं, तसंच धरून प्रिंटर चालू करायचा आणि दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की बटण सोडायचं. दुसऱ्या एका प्रकारात प्रिंटर चालूच असतो. फीड दाबून धरलं की दिवा आधी एकदा लुकलुकतो, मग थांबून दोनदा लुकलुकतो. दोनदा झालं की सोडायचं. तुमच्या प्रिंटरचा प्रकार कुठला ते त्याच्या माहितीपुस्तिकेत दिव्यांच्या तक्त्यात दिलेलं असतं. तो तक्ता बघूनच करा. कारण बटण जास्त वेळ धरून ठेवलं तर प्रिंटर पुढच्या कामावर जातो, आणि त्यातलं एक काम म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून टाकणं. घाईत तसं झालं तर घाबरू नका, मशीन मोडत नाही, पण सेटिंग परत भराव्या लागतात.

ताईंनी बटण सोडलं, प्रिंटरनं तीन लेबलं ओढली आणि थांबला. मग त्यांनी फीड दाबलं, एक लेबल आलं. परत दाबलं, एक आलं. पाच वेळा दाबलं, पाचही वेळा एकेकच लेबल येऊन गॅपवर थांबलं. सेन्सरचं काम झालं.

आम्हाला वाटलं संपलं. दहा लेबलं छापायला दिली, तर एक छापलं, एक कोरं, एक छापलं, एक कोरं! ताईंचा चेहरा परत उतरला. पण आता आम्हाला एक गोष्ट माहीत होती. त्यांनी फीड दाबलं, एकच लेबल आलं. म्हणजे प्रिंटर बरोबर बघत होता आणि चूक कॉम्प्युटरमध्ये होती. ती चूक म्हणजे माझ्या सांगण्यावरून केलेली ३० ची उंची.

त्याचं असं होतं बघा. कॉम्प्युटर सांगतो, लेबल ३० मिलिमीटर उंच आहे. लेबल खरं २५ चंच आहे. प्रिंटर ३० मिलिमीटरचं पान छापत जातो, त्यात पहिलं लेबल संपतं, गॅप मागे पडतो आणि पान दुसऱ्या लेबलवर तीन मिलिमीटर शिरूनच संपतं. मग तो पुढचा गॅप शोधतो, तो असतो दुसऱ्या लेबलच्या शेवटी. म्हणून दुसरं लेबल कोरं जातं. आपल्या डिझाइनच्या खालच्या भागात काही लिहिलेलं नसलं, तर दुसऱ्या लेबलवर काही उमटतही नाही, ते नुसतं सोडलेलं दिसतं. म्हणूनच ही चूक सेन्सरसारखीच वाटते. एक छापलं, एक कोरं, असं अगदी ठरलेल्या तालात चाललं असेल तर पानाच्या मापावर आधी संशय घ्यावा. सेन्सरची चूक असेल तर सहसा ताल नसतो, कधी एक सुटतं, कधी तीन.

मग मोजायचं कसं? साध्या कंपासपेटीतल्या पट्टीनं. एका लेबलची वरची कड ते खालची कड मोजा, ती उंची. आमची २५ आली. मग गॅप मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा गॅप डोळ्यानं नीट मोजता येत नाही, म्हणून एक युक्ती करा. पहिल्या लेबलच्या वरच्या कडेपासून अकराव्या लेबलच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि दहानं भागा. आमचं माप २७० मिलिमीटर आलं. म्हणजे एक लेबल आणि एक गॅप मिळून २७. त्यातून २५ वजा केले, गॅप २ मिलिमीटर.

हे कॉम्प्युटरमध्ये कुठे भरायचं? प्रिंटरच्या नावावर उजवं बटण दाबून `Printing Preferences` उघडायचं. या गटाच्या कॉम्प्युटरवर `Page Setup` मध्ये लेबलची रुंदी-उंची होती, आणि `Stock` मध्ये लेबलचा प्रकार. तिथे `Labels With Gaps` निवडलेलं हवं आणि `Gap Height` मध्ये २ मिलिमीटर. उंचीच्या जागी फक्त लेबलची उंची लिहायची, २५. गॅप मिळवून २७ लिहायची नाही, ही चूक फार होते. तुमच्याकडे नावं थोडी वेगळी दिसतील, पण या तीन गोष्टी असतातच: रुंदी-उंची, प्रकार आणि गॅप. आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केलंय त्यातलं पानाचं मापही हेच हवं. एका जागी २५ आणि दुसऱ्या जागी ३० असेल तर दुखणं तसंच राहतं.

प्रकाराच्या जागी चुकून `Continuous` निवडलं गेलं, तर वेगळीच खूण दिसते. `Continuous` म्हणजे अखंड कागद, त्यात प्रिंटर गॅप बघतच नाही, नुसते मोजून २५ मिलिमीटर पुढे जातो. आपल्याला लागतात २७. मग दर लेबलमागे छपाई दोन मिलिमीटर सरकते आणि बारा-तेरा लेबलांनंतर पूर्ण एक लेबलभर फरक पडतो. पहिली दोन-चार लेबलं बरी दिसतात, म्हणून कुणी बघत नाही, आणि पुढच्या पाकिटांवर बॅच नंबर कापला जातो. छपाई हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर हे तपासा.

त्या गटात उंची परत २५ केली, गॅप २ केला. दहा लेबलं दिली, दहाच्या दहा छापून आली. मग चारशे लावली. मध्ये-मध्ये ताई पन्नासाव्या, शंभराव्या लेबलवरचा बॅच नंबर आणि वापरण्याची शेवटची तारीख वाचून बघत होत्या. ही सवय चांगली आहे. पाकिटावर बॅच, तारीख, वजन, एमआरपी आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर हे सगळं वाचता येईल असं पूर्ण असावं लागतं. अर्धी तारीख असलेलं पाकीट दुकानदार परत करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. आम्ही तसंच चालवलं असतं तर ४०० पाकिटांना ८०० लेबलं गेली असती, हा हिशोबही ताईंनीच बैठकीत मांडला.

वाया गेलेल्या कोऱ्या लेबलांचं काय, असं एका मावशींनी विचारलं. छापलेली लेबलं मधून सोलून काढली असतील, तर ती पट्टी परत प्रिंटरमध्ये घालू नका. एक आड एक लेबल नाही म्हटल्यावर प्रिंटरला मोठेच्या मोठे गॅप दिसतात आणि तो परत अडतो. ती लेबलं डब्यांवर, बरण्यांवर हातानं लिहायला वापरा. सलग कोरी पट्टी असेल, एकही लेबल सुटलेलं नसेल, तर ती चालते.

आता एक वेगळं दुखणं, कारण लोक ते यातच धरतात. सगळीच्या सगळी लेबलं कोरी येत असतील, पण प्रिंटर एकेक करून बरोबर थांबत असेल, तर कॅलिब्रेशन करून काही होणार नाही. आपल्या बहुतेक गटांचे प्रिंटर शाईशिवाय, नुसत्या उष्णतेनं छापतात. त्यांना उष्णतेनं काळं होणारंच लेबल लागतं. लेबलच्या वरच्या बाजूवर नखानं जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर लेबल बरोबर आहे, मग रोल उलटा बसलाय का ते बघा. रेघ उमटलीच नाही तर तुम्हाला रिबनवर चालणारं साधं लेबल मिळालंय, ते दुकानात बदलून घ्या.

आणि कॅलिब्रेशन करूनही फीडला लेबलं सुटतच असतील तर? परत रोल खिडकीसमोर धरा. तुमच्याच डोळ्याला गॅप आणि लेबल यांत फरक दिसत नसेल, तर प्रिंटरला तरी कुठून दिसणार? पारदर्शक लेबलांचं आणि फार जाड कागदावरच्या लेबलांचं असं होतं. रोलच्या मागे काळी आडवी रेघ छापलेली असेल, तर तो रोल त्या रेघेवर चालणारा आहे. त्याला प्रिंटरमध्ये वेगळा सेन्सर आणि वेगळी सेटिंग लागते. म्हणून नवीन प्रकारचा रोल घेताना डझन उचलू नका. एक रोल आणा, लावा, कॅलिब्रेशन करा, पन्नास लेबलं छापून बघा, मग बाकीचे घ्या. तोच जुना रोल परत आणला तर दर वेळी कॅलिब्रेशनची गरज नाही. कंपनी, कागद किंवा माप बदललं की मात्र करा.

त्या गटानं प्रिंटर आता मसाल्याच्या खोलीतून काढून बाहेरच्या खोलीत ठेवलाय, वर कापड झाकतात. आणि बैठकीच्या वहीत ठराव लिहिलाय की रोलचा खर्च गटाच्या खात्यातून जाईल, ताईंकडून काही घ्यायचं नाही. माल सोमवारी दुपारी गेला.

ज्या गटाचा प्रिंटर कपाटावर आहे, त्यांनी तो आज संध्याकाळी खाली काढा आणि फीड दाबून बघा. किती लेबलं आली तेवढं मला फोनवर सांगा. या वेळी मी आधी तेच विचारणार आहे.